रिपोर्टमधले एलडीएल : मोजलेले की वजाबाकीने काढलेले?

राहुरीकडचे एक बागायतदार शेतकरी दोन वर्षांपासून माझ्याकडे तपासणीला येतात. वय बावन्न. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. मधुमेहही आहे. कोलेस्टेरॉल कमी करणारी अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची २० मिलिग्रॅमची गोळी रोज रात्री चालू. परवाच्या गळीत हंगामात ते हातात रिपोर्ट घेऊन आले ते हसतच.

"डॉक्टरसाहेब, एलडीएल साठ आलंय. तुम्हीच म्हणाला होता, सत्तरच्या खाली पाहिजे. आता ही गोळी निम्मी करा की!"

रिपोर्ट तालुक्याच्या गावातल्या लॅबचा होता. आकडे असे होते : एकूण कोलेस्टेरॉल १६८, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड्स ३८०, व्हीएलडीएल ७६ आणि एलडीएल ६०. (हे सगळे आकडे दर १०० मिलिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम, असे असतात.) एलडीएलच्या ओळीपुढे "नॉर्मल" असे छापले होते. कोणालाही वाटेल, गडी जिंकला.

मी मात्र गोळी कमी केली नाही. उलट वाढवली. का वाढवली, हे समजायला त्या साठ या आकड्याचा जन्म कसा झाला ते पाहावे लागेल.

चार ओळींपैकी मोजलेल्या किती?

लिपिड प्रोफाइलच्या कागदावर पाच-सहा ओळी असतात. त्यामुळे लॅबने पाच-सहा गोष्टी मोजल्या असाव्यात, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक साध्या रिपोर्टमध्ये तीनच गोष्टी मोजलेल्या असतात : एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स. बाकीचे आकडे कागदावर गणित करून लिहिलेले असतात. ज्या एलडीएलवर डॉक्टर गोळीचा डोस ठरवतात, तेही त्यातच येते.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ. तो रक्तात सुटा फिरू शकत नाही. प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेल्या सूक्ष्म कणांतून त्याची वाहतूक होते. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात या कणांचे मुख्यतः तीन प्रकार असतात. एचडीएल, म्हणजे ज्याला आपण "चांगले" म्हणतो ते. एलडीएल, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन साचणारे. आणि व्हीएलडीएल, म्हणजे यकृतातून बाहेर पडणारे, मुख्यतः ट्रायग्लिसराइड म्हणजे चरबी वाहून नेणारे मोठे कण. या तिन्हींमध्ये मिळून जेवढे कोलेस्टेरॉल, तेवढे एकूण कोलेस्टेरॉल. म्हणजे एकूणातून एचडीएल आणि व्हीएलडीएल वजा केले की एलडीएल उरले पाहिजे.

अडचण एकच. व्हीएलडीएलमधले कोलेस्टेरॉल वेगळे मोजणे सोपे नाही. त्यासाठी रक्ताचे सीरम अतिवेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात कित्येक तास फिरवून हलके कण वर आणावे लागतात. असे यंत्र संशोधन संस्थेत असते, बसस्थानकाजवळच्या लॅबमध्ये नसते.

यावर १९७२ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन या तीन संशोधकांनी तोडगा काढला. ४४८ लोकांचे रक्त तपासताना त्यांना दिसले की, बहुतेकांच्या व्हीएलडीएलमध्ये ट्रायग्लिसराइडच्या साधारण एक पंचमांश कोलेस्टेरॉल असते. मग व्हीएलडीएल मोजायला कशाला हवे? ट्रायग्लिसराइडला पाचने भागा, झाले. त्यांचे सूत्र असे :

एलडीएल = एकूण कोलेस्टेरॉल − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड्स ÷ ५)

आमच्या शेतकऱ्याचे आकडे यात घालून पाहा. ३८० ला ५ ने भागले की ७६. १६८ मधून ३२ गेले, राहिले १३६. त्यातून ७६ गेले, राहिले ६०. रिपोर्टवरचा साठ हा आकडा असा आला. तो कोणत्याही यंत्राने मोजलेला नव्हता.

उसाचा काटा आणि रिकामी गाडी

हे त्यांना समजावून सांगताना मला कारखान्याच्या काट्याचा दाखला सोयीचा वाटला. ऊस भरलेली गाडी काट्यावर जाते, वजन होते. मग गव्हाणीत ऊस उतरतो आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांची वजाबाकी म्हणजे ऊस.

"समजा," मी म्हणालो, "काटेवाल्याने रिकामी गाडी तोललीच नाही. नुसती चाके बघून म्हणाला, 'अशा गाडीचे वजन अमुक असते,' आणि तेवढे वजा केले. तर चालेल?"

"कसं चालेल? गाडी हलकी असली अन् त्यानं जड धरली, तर माझा ऊस कमी भरंल!"

नेमके हेच झाले होते. भरलेली गाडी म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल. ते काट्यावर मोजले होते. वजा करायचे व्हीएलडीएल मात्र अंदाजाने धरले होते. अंदाज जड झाला, म्हणून एलडीएल कमी भरले. उसात असे झाले तर शेतकरी लगेच भांडतो. रिपोर्टमध्ये झाले तर तो खूश होऊन घरी जातो, हाच यातला धोका.

पाचाचा हिशेब कुठे चुकतो?

ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत असतील, तर पाचाचा भागाकार बऱ्यापैकी जुळतो. ट्रायग्लिसराइड १२० असताना व्हीएलडीएल २४ धरले आणि खरे २१ निघाले, तर फरक तीनचा. तेवढ्याने उपचार बदलत नाही.

पण ट्रायग्लिसराइड्स वाढतात, तेव्हा यकृतातून बाहेर पडणारे व्हीएलडीएल कण आकाराने मोठे आणि चरबीने जास्त ठासलेले असतात. त्यांच्यात चरबीच्या मानाने कोलेस्टेरॉलचा वाटा कमी होतो. पाच भाग चरबीला एक भाग कोलेस्टेरॉल हे प्रमाण मोडते. सहास एक, सातास एक, कधी त्याहूनही पातळ होते. लॅबचे सूत्र मात्र पाचानेच भागत राहते. म्हणून वजा होणारा आकडा फुगतो आणि एलडीएल खोटेच कमी दिसते.

यात आणखी एक मेख आहे. एलडीएल मुळात १६० असेल आणि सूत्राची चूक वीसची असेल, तर रिपोर्टवर १४० दिसेल. तरी डॉक्टर औषध देतीलच. पण गोळी चालू असलेल्या हृदयरुग्णाचे एलडीएल ८० असताना वीसची चूक झाली, तर रिपोर्टवर ६० येते आणि रुग्ण "पास" होतो. म्हणजे ज्याला आकड्याची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याच बाबतीत हे सूत्र सगळ्यांत जास्त फसवते.

सूत्र काढणाऱ्यांना मर्यादा ठाऊक नव्हती, असे नाही. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर हे गणित वापरू नये, असे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. म्हणून चांगल्या लॅबच्या रिपोर्टवर अशा वेळी एलडीएलची जागा कोरी असते किंवा "काढता येत नाही" अशी नोंद असते. पुष्कळांना वाटते, लॅबने काम अर्धवट केले. तसे नाही. ती लॅबच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. एखाद्याचे एकूण कोलेस्टेरॉल २०५, एचडीएल ३० आणि ट्रायग्लिसराइड्स ९०० असतील, तर सूत्राने एलडीएल उणे ५ येईल. खिशात उणे पाच रुपये असत नाहीत, तसे रक्तात उणे एलडीएल असत नाही.

पण ४०० ही काही भिंत नव्हे, की अलीकडे सगळे बरोबर आणि पलीकडे सगळे चूक. २०० च्या पुढे गेले की काटा हळूहळू सरकू लागतो. आमच्या शेतकऱ्याचे ३८० म्हणजे नियमाच्या आत, पण अगदी कडेवर. त्यामुळे लॅबची काही चूक नव्हती. तिने नियमाप्रमाणेच गणित केले होते.

हा प्रश्न आपल्याकडे किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील लोकांचे लिपिड तपासले होते. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. वाढलेले एलडीएल ११.८ टक्के लोकांत सापडले, तर वाढलेले ट्रायग्लिसराइड्स २९.५ टक्के लोकांत आणि कमी एचडीएल तब्बल ७२.३ टक्के लोकांत. म्हणजे जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल हा आपल्या लोकांचा नेहमीचा साचा आहे. पाचाचे गणित फसते ते याच साच्यात.

थेट मोजणी म्हणजे काय?

त्याच नळीतले उरलेले सीरम मी नगरच्या लॅबकडे पाठवून "डायरेक्ट एलडीएल" करायला सांगितले. आकडा आला ८२.

थेट मोजणीत वजाबाकी नसते. विशिष्ट रसायने सीरममध्ये घालून एलडीएल सोडून बाकीच्या कणांमधले कोलेस्टेरॉल आधी बाजूला काढतात किंवा झाकून टाकतात. मग उरलेल्या एलडीएलमधल्या कोलेस्टेरॉलवर विकर सोडले की रंग तयार होतो, आणि रंग किती गडद आहे त्यावरून यंत्र आकडा देते. जपानमधल्या कंपन्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशी किट बाजारात आणली. आज ती नेहमीच्या यंत्रावर चालतात. खर्च थोडा जास्त येतो, एवढेच.

आता पुन्हा हिशेब करू. एकूण १६८ मधून एचडीएल ३२ आणि मोजलेले एलडीएल ८२ गेले, तर उरले ५४. हे खरे व्हीएलडीएल. सूत्राने ते ७६ धरले होते. ३८० ला ५४ ने भागले तर उत्तर सात येते. म्हणजे या गृहस्थांच्या रक्तात पाचाने नव्हे, साताने भागायला हवे होते. रिकामी गाडी बावीसने जड धरली गेली, म्हणून एलडीएल बावीसने कमी भरले.

८२ हा आकडा धडधाकट माणसाला उत्तमच. पण स्टेंट बसलेल्या मधुमेही माणसाचे एलडीएल ७० च्या खाली हवेच, आणि आता तर बहुतेक तज्ज्ञ ते ५५ किंवा ५० च्याही खाली न्यायला सांगतात. अशा माणसाची गोळी निम्मी करणे म्हणजे उघड्या विहिरीचा कठडा काढण्यासारखे. मी गोळी २० ची ४० केली, रात्रीची दारू पूर्ण बंद करायला सांगितली आणि साखरेच्या गोळ्या नीट बसवून दिल्या.

तीन महिन्यांनी "एलडीएल वाढले"!

तीन महिन्यांनी ते आले ते तोंड पाडून. सोबत घरच्या बाई होत्या. त्यांनीच आधी तोंड उघडले. "डॉक्टर, दारू सोडली, जेवण कमी केलं, गोळी डबल केली, तरी एलडीएल वाढलंच की हो!"

तालुक्याच्या त्याच लॅबचा नवा रिपोर्ट होता. एकूण कोलेस्टेरॉल १३८, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड्स १६०, व्हीएलडीएल ३२, एलडीएल ७२. आधी ६०, आता ७२. कागदावर वाढ बाराची.

पण आता ट्रायग्लिसराइड्स ३८० वरून १६० वर आली होती. त्यामुळे सूत्राची चूकही जवळजवळ निघून गेली होती. थेट मोजणी केली तर एलडीएल ७७ आले. म्हणजे खरे एलडीएल ८२ वरून ७७ वर उतरले होते. सूत्राने ते ६० वरून ७२ वर चढवले होते. औषध हरले नव्हते, आधीचा साठच खोटा होता. (स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली की एलडीएल आणखी साधारण सहा टक्केच उतरते. तेव्हा पाचाचा फरक अपेक्षेप्रमाणेच होता. पुढे नेण्यासाठी मी एझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडली.)

त्या बाईंना मी कागदावर एक साधी वजाबाकी करून दाखवली. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. आधी १६८ वजा ३२, म्हणजे १३६. आता १३८ वजा ३४, म्हणजे १०४. पूर्ण बत्तीसची घट. बाईंचा चेहरा खुलला.

या आकड्याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. रक्तवाहिनीला त्रास देणाऱ्या सगळ्या कणांमधले कोलेस्टेरॉल यात एकत्र येते. एलडीएलही आले आणि व्हीएलडीएलही आले. यात पाचाचा अंदाज नाही, जादा खर्च नाही, आणि उपाशीपोटीची अटही नाही. एलडीएलचे जे उद्दिष्ट, त्यात ३० मिळवले की नॉन-एचडीएलचे उद्दिष्ट मिळते. एलडीएल ७० च्या खाली हवे असेल तर नॉन-एचडीएल १०० च्या खाली हवे. पहिल्या दिवशी नॉन-एचडीएल १३६ होते. एलडीएल "पास" आणि नॉन-एचडीएल "नापास" अशी फूट दिसली, तेव्हाच मला साठचा संशय आला होता.

थेट मोजणी कधी करावी?

ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत आहेत आणि रक्त उपाशीपोटी दिले आहे, तर सूत्राचे एलडीएल पुरेसे असते. जादा पैसे खर्च करण्याचे कारण नाही. १५० ते २०० च्या दरम्यानही बहुधा चालते, पण एलडीएल उद्दिष्टाच्या अगदी कडेवर असेल तर सावध राहावे.

ट्रायग्लिसराइड्स २०० ते ४०० मध्ये असतील, त्यातून मधुमेह किंवा हृदयविकार असेल आणि एलडीएल शंभरच्या आत दिसत असेल, तर थेट मोजणी करून घेणे शहाणपणाचे. किमान नॉन-एचडीएल पाहिल्याशिवाय औषध कमी करू नये. ४०० च्या वर हे सूत्र वापरूच नये.

मात्र थेट मोजणी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. रक्त दुधासारखे पांढरट दिसण्याइतकी चरबी वाढली, तर ही किटसुद्धा गडबडतात. प्रत्येक किटच्या पत्रकात ट्रायग्लिसराइडची कमाल मर्यादा दिलेली असते. शिवाय ट्रायग्लिसराइड्स जास्त असताना दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. म्हणून प्रगती पाहायची असेल तर लॅब आणि पद्धत एकच ठेवावी. ट्रायग्लिसराइड्स हजाराच्या घरात गेली, तर एलडीएलची चर्चा बाजूला ठेवून आधी ती खाली आणावीत, कारण तेव्हा स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका दारात उभा असतो.

अलीकडे गणितही सुधारले आहे. २०१३ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी तेरा लाखांहून अधिक लोकांच्या तपासण्यांवरून पाचाऐवजी बदलता भाजक सुचवला. माणसाच्या ट्रायग्लिसराइड आणि नॉन-एचडीएलप्रमाणे तो सुमारे ३ पासून सुमारे १२ पर्यंत बदलतो. २०२० साली ट्रायग्लिसराइड्स ८०० पर्यंत चालणारे आणखी एक सूत्र आले. तुमची लॅब कोणते वापरते, ते विचारायला हरकत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

मोजलेले की काढलेले, हे घरी ओळखता येते. ट्रायग्लिसराइड्सला पाचने भागा. उत्तर व्हीएलडीएलशी जुळले आणि एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएल या तिघांची बेरीज एकूण कोलेस्टेरॉलइतकीच आली, तर एलडीएल सूत्राने काढलेले आहे. कागदावर "डायरेक्ट" असे लिहिले असेल तर मोजलेले. काही लॅब एलडीएल थेट मोजतात, पण व्हीएलडीएल सवयीने पाचाच्या भागाकारानेच छापतात. मग बेरीज जुळत नाही. आमच्या शेतकऱ्याच्या बाबतीत ३२, ८२ आणि ७६ मिळून १९० झाले असते, एकूण तर १६८. अशा वेळी एलडीएल चुकले असे समजू नये. चुकलेले असते ते अंदाजाचे व्हीएलडीएल.

उपाशीपोटीचे महत्त्वही यातच आहे. जेवणानंतर आतड्यातून चरबीने भरलेले आणखी मोठे कण रक्तात येतात. त्यांच्यात कोलेस्टेरॉल फारच थोडे असते. पहाटेच्या एसटीने यायचे म्हणून दूध-साखरेचा चहा-बिस्किटे घेतली, किंवा आदल्या रात्री मटणाचे जेवण आणि दारू झाली, की ट्रायग्लिसराइड्स चढतात आणि पाचाचे गणित आणखी बिघडते. जेवून दिलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर आली, तर ९ ते १२ तास उपाशी राहून तपासणी पुन्हा करावी. साधे पाणी प्यायला हरकत नाही.

ते शेतकरी परवा पुन्हा येऊन गेले. या वेळी रिपोर्ट माझ्या हातात देण्याआधीच त्यांनी मागच्या बाजूला पेनाने वजाबाकी केलेली होती. नॉन-एचडीएल ८८. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता गाडी रिकामी करूनच तोलली."